मदत हवी आहे: सिस्टिमचा स्टॉक आणि मोजलेला स्टॉक VLOOKUP ने जुळवताना खोटे फरक दिसतायत

मोजणीत_हरवलेली

नमस्कार मंडळी. स्टोअरचं काम माझ्याकडे नव्याने आलंय आणि पहिलीच पूर्ण मोजणी परवा झाली. एक्सेल जेमतेम येतं, त्यामुळे चूक बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

एकाच फाईलमध्ये दोन शीट आहेत. `System` मध्ये सॉफ्टवेअरमधून काढलेली यादी आहे, ४१२ आयटम. A मध्ये कोड, B मध्ये नाव, C मध्ये शिल्लक. `Count` मध्ये तीन जोड्यांनी कागदावर मोजलेलं आम्ही टाईप केलंय, ५३० ओळी. A मध्ये कोड, B मध्ये रॅक नंबर, C मध्ये मोजलेला नग. `System` च्या D कॉलममध्ये हे लिहून खालपर्यंत ओढलं:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,Count!A:C,3,0),0)
```

पुढच्या कॉलममध्ये D वजा C, म्हणजे फरक.

आता ९७ आयटममध्ये फरक दिसतोय. त्यातल्या ३८ मध्ये मोजलेला आकडा चक्क शून्य आहे. मी स्वतः रॅकपाशी जाऊन पाहिलं तर `00238` चे ५५ नग समोर रचून ठेवलेत, सिस्टिमही ५५ म्हणते, मोजणीच्या कागदावरही ५५ आहे. शीटमध्ये मात्र शून्य! आणि `01146` ला सिस्टिम ७०, मोजलेले २४, फरक उणे ४६ दाखवतंय. तिथेही माल पुरेसा दिसतो. साहेबांना उद्या फरकांची यादी द्यायची आहे. एक्सेल २०१६ आहे.

तिरकी_रेघ

५३० ओळी आणि ४१२ आयटम, म्हणजे एकच आयटम दोन-तीन रॅकवर मोजलाय. VLOOKUP वरून खाली येताना पहिला कोड सापडला की तिथेच थांबतो, पुढच्या ओळी बघतच नाही. VLOOKUP काढा, SUMIFS घाला, विषय संपला.

```
=SUMIFS(Count!$C$2:$C$531,Count!$A$2:$A$531,A2)
```

सांजसावली

फरक आले की सॉफ्टवेअरमध्ये ॲडजस्टमेंटची एन्ट्री करावी लागते. आधी वरिष्ठांची सही घ्या आणि मग कमी-जास्त वेगवेगळ्या व्हाउचरने टाका. आमच्याकडे एकाच व्हाउचरमध्ये टाकलं होतं तर ऑडिटरने परत करायला लावलं.

मोजणीत_हरवलेली

@सांजसावली ताई, ती पायरी पुढची आहे हो. आत्ता फरक खरे की खोटे हेच कळत नाहीये. पण व्हाउचरचं लक्षात ठेवते.

@तिरकी_रेघ, तुमचा फॉर्म्युला टाकला. `01146` बरोबर आला! तो तीन ठिकाणी होता, २४, ३६ आणि १०, बेरीज ७०. आणि `00238` सुद्धा आपोआप ५५ झाला. हे कसं झालं ते कळलं नाही, पण झालं. मग यादी पाठवून देऊ?

जुना_भांडारी

थांबा, इतक्यात पाठवू नका. आपोआप बरोबर झालेल्या गोष्टीला मी जरा घाबरतो.

आधी एक साधी बेरीज करा. `Count` शीटच्या C कॉलमची एकूण बेरीज किती? आणि `System` शीटमध्ये फॉर्म्युल्याने जो मोजलेला आकडा आणलाय, त्या कॉलमची बेरीज किती? जुन्या VLOOKUP च्या कॉलमची बेरीजही शेजारी लिहा. कागदावर मोजलेला प्रत्येक नग तुलनेत एकदाच आणि नक्की आला पाहिजे. या बेरजा जुळत नाहीत तोवर फरकांच्या यादीकडे मी बघतसुद्धा नाही.

दुसरं, `System` मध्ये एक कोड एकाच ओळीत आहे ना? काही सॉफ्टवेअर बॅचनुसार वेगळी ओळ देतात. तसं असेल तर SUMIFS प्रत्येक ओळीला पूर्ण बेरीज देईल आणि माल दुप्पट दिसेल.

मोजणीत_हरवलेली

एक कोड एकच ओळ, तपासलं.

`Count` ची बेरीज १८,२३६.
VLOOKUP च्या कॉलमची १५,४१०.
SUMIFS च्या कॉलमची १८,१६०.

म्हणजे अजून ७६ नग कुठेतरी गळतायत?

तिरकी_रेघ

७६ म्हणजे सिस्टिममध्ये नसलेले आयटम असणार. मोजणीत काहीतरी जास्तीचं सापडतंच. `Count` मध्ये उलटं शोधा, COUNTIF शून्य आला की तो आयटम सिस्टिममध्ये नाही. त्यांची बेरीज ७६ येईल बघा.

मोजणीत_हरवलेली

उलटं शोधलं. सात ओळी निघाल्या, पण त्यांची बेरीज ७६ नाही, ११२ येते. आता माझं डोकं चालेनासं झालंय. गळालेले ७६ आणि न सापडलेले ११२ कसे?

जुना_भांडारी

वा, हा ३६ चा घोळच आपल्याला हवा होता. ११२ नग खरोखर बाहेर असतील तर तुलनेत १८,१२४ यायला हवेत. तुमच्याकडे १८,१६० आहेत. म्हणजे ३६ नग दोनदा मोजले गेले. नुसतं "७६ कमी आहेत, जास्तीचा माल असेल" म्हणून सोडलं असतं तर हे कधी दिसलंच नसतं, कारण एक चूक दुसऱ्या चुकीच्या आड लपलेली आहे.

माझा अंदाज सांगतो. `System` मध्ये असे दोन कोड आहेत का, की पुढची शून्यं सोडली तर ते सारखेच दिसतात?

मोजणीत_हरवलेली

अगं बाई. आहेत. `0457` आणि `00457`. पहिला जुना चार अंकी कोड आहे, बाकी सगळे पाच अंकी. दोन्ही वेगळ्या वस्तू. मोजणीत जुन्याचे २० आणि नव्याचे १६. शीटमध्ये दोघांपुढे ३६ आलेत!

जुना_भांडारी

बस, सापडलं. आता कारण ऐका, म्हणजे `00238` आपोआप कसा सुधारला तेही कळेल, कारण दोन्हींमागे एकच गोष्ट आहे.

सिस्टिममधून आलेला कोड हा टेक्स्ट आहे. सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसत असेल. मोजणी टाईप करताना कुणीतरी साध्या सेलमध्ये 00238 टाकलं, एक्सेलने ते संख्या समजून 238 करून ठेवलं. VLOOKUP च्या लेखी टेक्स्ट `00238` आणि संख्या 238 यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून #N/A. तुमच्या IFERROR ने त्या #N/A वर शून्याचं पांघरूण घातलं. समोर रचलेला माल शून्य झाला तो असा.

SUMIFS आणि COUNTIF उलट स्वभावाचे. शोधायची गोष्ट संख्येसारखी दिसली की ते तिला संख्या म्हणूनच जुळवतात. त्यांना `00457`, `0457` आणि 457 तिन्ही एकच. म्हणून `00238` चं काम झालं आणि `0457` चं बिघडलं. एक फॉर्म्युला फार कडक, दुसरा फार ढिला.

तिरकी_रेघ

हे मला माहीत नव्हतं. मी वर्षानुवर्षं SUMIFS वापरतोय. आता जुन्या फायली उघडून बघायची हिंमत होत नाही.

मग `Count` मध्ये TEXT(A2,"00000") लावून सगळे पाच अंकी केले तर?

जुना_भांडारी

केले तरी SUMIFS त्यांना पुन्हा संख्याच समजणार, आणि वर तुम्ही `0457` ला स्वतःच्या हाताने `00457` करून ठेवाल. TEXT ला "0457" हे टेक्स्ट दिलं तरी तो त्याला संख्या समजून शून्य लावतो.

माझी पद्धत गावठी आहे पण चालते. कोडच्या पुढे एक अक्षर चिकटवायचं. `K0457` ला कुणीही संख्या समजू शकत नाही, मग SUMIFS ला अक्षरन् अक्षर जुळवावंच लागतं. शून्य फक्त तिथेच लावायची जिथे सेलमध्ये खरोखर संख्या आहे. `Count` च्या D मध्ये:

```
="K"&IF(ISNUMBER(A2),TEXT(A2,"00000"),TRIM(A2))
```

`System` मध्ये जुने फॉर्म्युले काढून D मध्ये ="K"&TRIM(A2) एवढंच. मग E मध्ये मोजलेला माल:

```
=SUMIFS(Count!$C$2:$C$531,Count!$D$2:$D$531,D2)
```

आणि F मध्ये फरक:

```
=IF(COUNTIF(Count!$D$2:$D$531,D2)=0,"मोजले नाही",E2-C2)
```

F मध्ये मुद्दाम दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात. मोजणाऱ्याने रॅक पाहून शून्य लिहिलं तर माल नाही. कागदावर तो आयटमच आला नाही, तर माल आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही. दोघांना शून्य लिहिलंत की न मोजलेला माल चोरीला गेल्यासारखा दिसतो.

एक अडचण राहते. `0457` कुणी संख्या म्हणून टाईप केला असता तर सेलमध्ये 457 उरला असता आणि वरच्या फॉर्म्युल्याने तो `00457` झाला असता. तिथे एक्सेल काही करू शकत नाही, कागदावरचं नाव बघावं लागतं. तुमच्या त्या दोन ओळी टेक्स्ट आहेत का ते बघून घ्या.

हिशेबी_कासव

मध्येच विचारतो, आमच्याकडे माल किलोत असतो. सगळं जुळलेलं असूनही फिल्टरमध्ये फरक शून्य नसलेल्या ओळी येतात, सेलमध्ये मात्र 0.000 दिसतं. कोड सगळे नीट आहेत. हेच कारण का?

जुना_भांडारी

नाही, तुमचं दुखणं वेगळं. दशांशाचे आकडे एक्सेल आतून अगदी तंतोतंत साठवत नाही, त्यामुळे चार वजनांची बेरीज करून वजा केलं की दशांश चिन्हानंतर बऱ्याच पुढच्या जागी कचरा उरतो. फरकाला ROUND(E2-C2,3) करा. तुमचा काटा ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर तीनच घरं पुरेत, त्यापुढचा फरक तुम्ही मोजलेलाच नसतो.

मोजणीत_हरवलेली

केलं! त्या दोन्ही ओळी टेक्स्टच होत्या, दोघांवर हिरवा त्रिकोण आहे. `0457` ला २० आणि `00457` ला १६ आले. बेरीज १८,१२४. उरलेले ११२, सातच ओळी. आता आकडे एकमेकांशी बोलतायत.

पण त्या सातपैकी दोन ओळींचे कोड सिस्टिममध्ये आहेत. मी डोळ्यांनी बघतेय, `00612` इथेही आहे आणि तिथेही. तरी जुळत नाही. TRIM तर लावलाय.

जुना_भांडारी

रिकाम्या सेलमध्ये =LEN(A2) लिहा, A2 च्या जागी त्या ओळीचा सेल. पाच यायला हवेत.

मोजणीत_हरवलेली

६ येतायत. त्या दोन्ही ओळींत.

जुना_भांडारी

शेवटी न दिसणारी जागा आहे. साधी मोकळी जागा असती तर TRIM ने काढली असती. ही दुसऱ्या जातीची, मेल किंवा वेबपेजवरून कॉपी केलं की चिकटून येते. तिचा क्रमांक 160, TRIM तिला हात लावत नाही. `Count` च्या D मध्ये TRIM(A2) च्या जागी हे घाला:

```
TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160),""))
```

मोजणीत_हरवलेली

जुळलं! एका जोडीने त्यांचे काही कोड मेलमधून उचलले होते, विचारल्यावर कबूल केलं. :) ४० नग आत आले, बेरीज १८,१६४.

राहिलेल्या पाच ओळींसाठी कागद काढले. तिघांचे कोड लिहिताना अंक इकडचे तिकडे झालेत, नावावरून ओळखू आले, ५४ नग. दुरुस्त केल्यावर १८,२१८. उरलेल्या दोन वस्तू सिस्टिममध्ये खरंच नाहीत, १८ नग. त्या यादीच्या खाली "सिस्टिममध्ये नाही" म्हणून वेगळ्या लिहिल्या. १८,२१८ अधिक १८ बरोबर १८,२३६. पै न पै लागली.

आता ९७ ऐवजी २९ फरक, ६ "मोजले नाही" आणि या २ वस्तू. यादी वेगळी काढायला FILTER वापरा असं कुठेतरी वाचलं, पण माझ्या एक्सेलमध्ये ते येत नाही.

तिरकी_रेघ

FILTER २०१६ मध्ये नाही, XLOOKUP पण नाही, ती २०२१ पासूनची किंवा ३६५ ची गोष्ट. तुम्ही मथळ्याच्या ओळीवर साधा फिल्टर लावा, F कॉलममध्ये फक्त 0 ची खूण काढा. उरलेलं कॉपी करून नव्या शीटवर व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा. "मोजले नाही" वाल्या ओळीही त्यात येतील. व्हॅल्यू म्हणूनच पेस्ट करा हं, नाहीतर उद्या कुणी `Count` मध्ये एक आकडा बदलला की साहेबांकडची यादीही बदलेल.

उलटसुलट

एवढी फॉर्म्युल्यांची पिलावळ कशाला? `Count` वर पिव्होट टेबल लावा, कोडनुसार बेरीज, आणि त्या पिव्होटवर VLOOKUP. मी गेली कित्येक वर्षं तेच करतो. दोनदा मोजण्याचा प्रश्नच येत नाही.

जुना_भांडारी

पिव्होटही चालतो, फक्त तो कच्च्या कोडवर न लावता D च्या K वाल्या कोडवर लावा. कच्च्यावर लावला तर संख्या 238 आणि टेक्स्ट `00238` या दोन वेगळ्या ओळी होतील आणि तुमचा VLOOKUP त्यातली एकच उचलेल. शिवाय `Count` मध्ये आकडा बदलल्यावर पिव्होट रिफ्रेश करायला माणूस विसरतो. मी तरी विसरतो.

उलटसुलट

रिफ्रेश विसरणं हा माणसाचा दोष, पिव्होटचा नाही. माझं मत कायम.

जुना_भांडारी

असू द्या.

@मोजणीत_हरवलेली, यादी देण्याआधी ते २९ फरक आकड्यानुसार लावून एकदा वरपासून खालपर्यंत बघा. एकीकडे अधिक काही आणि दुसरीकडे नेमके तेवढेच उणे, अशी जोडी दिसते का? अंकांची अदलाबदल होऊन तयार झालेला चुकीचा कोड सिस्टिममध्ये नसेल तर उलट्या शोधात सापडतो, जसे तुमचे तीन सापडले. पण तो नेमका दुसऱ्या एखाद्या खऱ्या आयटमचा कोड निघाला, तर कुठलाच फॉर्म्युला कुरकुर करत नाही आणि बेरीजही जुळते.

मोजणीत_हरवलेली

काका, तुम्ही माझ्या मागे उभं राहून बघताय का? `00981` ला अधिक २४ आणि `00918` ला उणे २४. कागदावर वस्तूचं नाव 918 चं आणि कोड 981 चा लिहिलाय. म्हणजे २७ च फरक उरले.

जुना_भांडारी

रॅकवर जाऊन खात्री करा, मगच बदला. शीटमध्ये बसून दोन फरक मिटवणं फार सोपं असतं, म्हणूनच ते करू नये. आणि मूळ ओळ पुसू नका, शेजारी दुरुस्ती म्हणून लिहा.

आता माझा शेवटचा प्रश्न. `System` ची यादी नेमकी कधी काढली? मोजणीच्या आधी, मधे, का नंतर?

मोजणीत_हरवलेली

... मोजणी संपल्यावर संध्याकाळी. पण दुपारी मोजणी चालू असताना चार चलनांवर माल बाहेर गेला होता. त्यातली तीन सिस्टिममध्ये त्याच दिवशी चढली, एक दुसऱ्या दिवशी.

जुना_भांडारी

मग २७ मधले काही अजून खोटे असू शकतात. ज्या रॅकवरचा माल मोजून झाल्यावर बाहेर गेला आणि त्याचं चलन यादीच्या आधी चढलं, तिथे मोजलेला माल जास्त दिसेल. चौथ्या चलनाचा माल मोजण्याआधीच बाहेर गेला असेल तर तिथे कमी दिसेल, मोजल्यानंतर गेला असेल तर काहीच फरक दिसणार नाही. चारही चलनांवरचे आयटम त्या २७ शी ताडून पाहा. मोजणीच्या कागदांवर वेळ लिहिली आहे का?

मोजणीत_हरवलेली

तारीख आहे, वेळ नाही. :(

चलनांवर एकूण अकरा आयटम, त्यातले पाच माझ्या फरकांच्या यादीत आहेत. दोघांत फरक बरोबर चलनाएवढाच आहे. तिघांत नाही.

जुना_भांडारी

त्या दोघांपुढे चलन नंबर लिहा. तिघांसाठी मोजणाऱ्यांना विचारा, आठवलं तर ठीक. नाहीतर तेवढे आयटम आजच पुन्हा मोजा आणि मोजणीनंतरची आवक-जावक त्यात मागे घ्या. यादीत ते "तपासणी बाकी" म्हणून वेगळे दाखवा.

सांजसावली

आणि सही आधी, व्हाउचर नंतर. :)

मोजणीत_हरवलेली

हो ताई. `00918` आणि `00981` दोन्ही रॅक आत्ता पाहून आले, कागदावरची चूकच होती. "मोजले नाही" वाल्या सहापैकी चार सापडले, वरच्या माळ्यावर होते, तिकडे कुणी चढलंच नव्हतं. बाकी दोघांचा पत्ता नाही. चलनांवरच्या त्या तिघांची मोजणी जेवणानंतर घेतेय, जमलं तर संध्याकाळी इथे लिहिते.